तीन सेकंदांतलं उत्तर

मी संशयी आहे हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पंचवीस वर्षं भूगोल शिकवला, तेवढीच वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फिरले. बाहीतल्या चिठ्ठ्या, पट्टीच्या मागे लिहिलेली उत्तरं, पाणी प्यायला गेलेला आणि अर्ध्या तासाने शहाणा होऊन परतलेला मुलगा, सगळं पाहिलं. त्यामुळे विभागप्रमुख नंदिनी मॅडम म्हटलं की पोरं आधी खिसे तपासतात. असू दे, कोणीतरी हवंच असं.

तर या वर्षी आमच्या प्राचार्यांना नवीन खूळ लागलं. वर्गात मोबाइलवर चाचण्या. एक ॲप आहे, पोरांनी फोनवर कोड टाकायचा, पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार पर्याय, वर घड्याळ. वेळ संपली की कोणत्या पर्यायाला किती मतं पडली त्याचे उभे पट्टे दिसतात, बरोबर उत्तराचा पट्टा हिरवा होतो आणि त्याखाली दोन ओळींचं स्पष्टीकरण. बरोबर उत्तरांचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरायचे असं ठरलं. शिवाय शेवटी पडद्यावर पहिल्या पाच जणांची नावं झळकतात, त्यात जो लवकर उत्तर देईल तो वर. वेगाचे गुण मूल्यमापनात नाहीत, ती नुसती शोभा.

हे सगळं तयार करायचं काम अश्विन सरांकडे आलं. अश्विन आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि दर सत्राला नव्याने नेमणूक. नेमणुकीला विभागप्रमुखांचा अभिप्राय लागतो, म्हणजे माझा. मुलगा कन्हानचा, रोज बसने येतो, बोलतो कमी. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच भरवसा वाटत नाही.

टाळेबंदीत मी घरून घेतलेल्या तासांच्या चित्रफिती माझ्या लॅपटॉपवर होत्या. मी दर वर्षी तेच शिकवते, विनोदसुद्धा तेच, हे मी नाकारत नाही. अश्विन त्या घेऊन ऐकायचा. एखादा मुद्दा कुठे संपतो ते मिनिट टिपायचा, आणि वर्गात मी त्याच मुद्द्यावर आले की तिथेच तो प्रश्न पडद्यावर सोडायचा. काळ्या मातीला भेगा का पडतात, हे साधारण बाराव्या मिनिटाला संपतं. मग तिथे पहिला प्रश्न. वीस सेकंद वेळ. पर्यायांचा क्रम प्रत्येक फोनवर वेगळा, म्हणजे शेजारच्याचं पाहून "तिसरं दाब" म्हणायची सोय नाही. काम चोख होतं, तेवढं मान्य.

मला राग आला तो त्या दोन ओळींचा. स्पष्टीकरणाच्या चौकटीत दोन ओळींपेक्षा जास्त मावतच नाही. काळ्या मातीवर मी पंचवीस वर्षं बोलतेय आणि हा मनुष्य लिहितो, "चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते." बस्स. आता कोणत्याही मातीला अशा भेगा पडतात का? चिकणमातीचं प्रमाण भरपूर हवं, कोरडा काळ लांबायला हवा. माझ्या नावाने अर्धवट गोष्ट पडद्यावर गेली तर उद्या कोणी तिचा फोटो काढून फिरवेल, "हे पहा, मॅडम काय शिकवतात." म्हणून प्रश्न वर्गात जाण्याआधी मी तपासायचे, आणि स्पष्टीकरणात जे मावत नाही ते बरोबर पर्यायातच घालून टाकायचे. "पाणी आटल्यावर मातीतली चिकणमाती आकसते, पण तिचं प्रमाण भरपूर असेल आणि कोरडा काळ लांबला तरच." आता कसं पूर्ण झालं. बाकीचे तीन पर्याय चुकीचेच होते, त्यांना मी हात लावला नाही. चुकीचं वाक्य पूर्ण कशाला करायचं?

पहिल्याच आठवड्यात अश्विन काहीतरी म्हणाला होता पर्यायांच्या लांबीबद्दल. मी म्हटलं, "सर, भूगोल मला शिकवू नका." त्याने मान हलवली आणि वेळ वीसची तीस सेकंद केली, पोरांना वाचायला पुरेल म्हणून.

दोन महिने झाले आणि निकाल असा की प्राचार्य हवेत. वर्गातली नव्वद टक्के पोरं बरोबर. जी पोरं गेल्या वर्षी नकाशात नर्मदा दाखवू शकली नाहीत ती! मूल्यांकन समिती यायची होती, प्राचार्यांनी पट्ट्यांचे फोटो मोठे करून व्हरांड्यात लावले. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं होतं. मी अहवाल उघडला. ॲप प्रत्येक पोराने कोणतं उत्तर किती सेकंदांत दिलं ते दाखवतं. बहुतेकांची उत्तरं दहा-पंधरा सेकंदांनी आलेली. एक नाव सोडून. वेदिका, दुसरं वर्ष, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. तिचं प्रत्येक उत्तर तीन सेकंदांत, आणि प्रत्येक बरोबर. पहिल्या पाचांत रोज तिचं नाव सगळ्यांत वर.

तीन सेकंदांत तो प्रश्न मीसुद्धा वाचू शकत नाही, आणि तो मी तपासलेला असतो.

आमच्या विभागात तुळसाबाई आहेत. खोल्या उघडणं, चहा आणणं आणि मी न विचारता बातम्या पुरवणं ही त्यांची कामं. त्या दिवशी चहा ठेवताना त्या म्हणाल्या, "मॅडम, मी काही म्हणून नाही राहिली. पण ते वेदिका अन् आपले अश्विन सर एकाच बसनं येऊन राहिले रोज."

"मग? कन्हानहून एकच बस असेल."

"बस लय हायेत, मॅडम." एवढं बोलून त्या गेल्या. माणसाला झोप न येण्यासाठी एवढं वाक्य पुरतं.

मी जोडत गेले. प्रश्न आधी पाहणारी माणसं दोनच, मी आणि अश्विन. मी तर कोणाला सांगितले नाहीत. दोघं एकाच गावचे, एकाच बसचे. मी अश्विनला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वेदिकाला किती दिवसांपासून ओळखता?"

"लहानपणापासून, मॅडम. आमच्याच वस्तीत राहते."

"हे आधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काही नव्हतं."

"प्रश्न वर्गात जाण्याआधी कोणाकोणाला दिसतात?"

"मला," तो म्हणाला, "आणि तुम्हाला."

त्याने ते उद्धटपणे म्हटलं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तसं झालं. मी त्याला जायला सांगितलं आणि तिथेच बसून प्राचार्यांना चार ओळी लिहिल्या. प्रश्न फुटत असल्याची दाट शंका आहे, एका विद्यार्थिनीशी संबंधित शिक्षकाची जवळीक आहे, पुढच्या सत्रासाठी अश्विन सरांच्या नावाची मी शिफारस करत नाही. नेमणुकीची बैठक पुढच्या शुक्रवारी होती. प्राचार्यांनी कागद वाचला, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मॅडम, पुरावा काही?"

"देते," मी म्हटलं.

पुरावा कसा द्यायचा ते मी बसल्या बसल्या ठरवलं होतं. मी स्वतः प्रश्न तयार करायचे, घरी, रविवारी. अश्विनला पत्ता लागू द्यायचा नाही. शिवाय ते न शिकवलेल्या धड्यावर काढायचे. खारे वारे, मतलई वारे, समुद्रप्रवाह, जे मी पुढच्या महिन्यात घेणार होते. प्रश्न फुटलेले नसतील तर वेदिकाला येणार कुठून? ती आपटली की तीन सेकंदांचं कोडं सुटलं. मला त्या रविवारी, खरं सांगायचं तर, मजा वाटत होती. पाच प्रश्न लिहिले. "किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे का वाहतो?" चुकीचे पर्याय झटपट सुचले: समुद्र लवकर तापतो म्हणून; भरती येते म्हणून; पृथ्वी फिरते म्हणून. बरोबर उत्तर मात्र मी नीट लिहिलं. "जमीन लवकर तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची थंड हवा तिकडे येते, मात्र आकाश निरभ्र आणि मोठे वारे शांत असतील तर हे ठळक जाणवतं." स्पष्टीकरणाच्या दोन ओळी, तीस सेकंद वेळ. ॲप काही कठीण नाही. उगाच अश्विनच्या हातात दिलं, असंही वाटून गेलं.

सोमवारी अश्विनला मी परीक्षा विभागात कामाला पाठवलं आणि वर्गात एकटीच गेले. पोरांना म्हटलं, "आज आधी पाच प्रश्न. मागच्या तासांवर." खोटं बोलले, पण चोर पकडताना एवढं चालतं.

पहिला प्रश्न सोडला. पडद्यावर घड्याळ फिरायला लागलं. माझ्या लॅपटॉपवर कोणाचं उत्तर आलं ते दिसत होतं, आणि मी एकाच नावाकडे पाहत होते. तीन सेकंद, वेदिका. मग बराच वेळ काही नाही. मग दहा सेकंदांनंतर भराभर सगळे. वेळ संपली, पट्टे उभे राहिले.

हिरवा पट्टा पार वरपर्यंत गेला होता.

मला वाटलं माझ्याकडूनच काही चुकलं, जुना प्रश्न गेला. पडदा पुन्हा वाचला. खारे वारेच होते. दुसरा प्रश्न सोडला, मतलई वारे. तिसरा. पाचही झाले. साठातली दहाएक पोरं कुठेकुठे चुकली, बाकी सगळ्यांचं सगळं बरोबर. वेदिका तीन सेकंद, तीन सेकंद, चार सेकंद. जे प्रश्न माझ्या लॅपटॉपबाहेर गेले नव्हते, जो धडा मी शिकवला नव्हता, तो अख्ख्या वर्गाला येत होता. माझ्या संशयाला एवढं मोठं घर कधी मिळालं नव्हतं.

"हा धडा मी कधी शिकवला?" मी विचारलं.

एक मुलगा म्हणाला, "मागच्या आठवड्यात, मॅडम?" आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"शिकवलेला नाही. पुस्तक उघडून वाचला असेल कोणी तर हात वर करा." हात कुठला वर येतो. आमच्या वर्गात न शिकवलेलं कोणी वाचत नाही, शिकवलेलंही परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात. "वेदिका, उभी रहा. हे तुला कोणी सांगितलं?"

ती उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कोणी नाही सांगितलं, मॅडम."

"मग प्रश्न वाचून तीन सेकंदांत उत्तर कसं दिलंस?"

"प्रश्न नाही वाचला मी."

"म्हणजे?"

तिने आजूबाजूला पाहिलं. वर्ग बाकाकडे पाहत होता. "जे उत्तर सगळ्यात लंबं राहते, तेच बरोबर राहते, मॅडम. सुरुवातीपासूनच. सगळ्यांले माहीत आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. शेवटचा प्रश्न अजून तिथेच होता. तीन पर्याय अर्ध्या ओळीचे, आणि चौथा तीन ओळींचा, त्यात "मात्र", "तर", "असेल तेव्हा". मागच्या बाकावरून अक्षर न वाचतासुद्धा कळेल असा. माझीच करणी होती ती. दोन महिने मी स्वतः दर आठवड्याला बसून बरोबर उत्तराला झेंडा लावत होते आणि प्रश्न कोण फोडतं ते बाहेर शोधत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तरी सवय जात नाही. मी विचारलं, "सगळ्यांना माहीत आहे तर बाकीचे दहा सेकंद का घेतात?"

"थांबून राहतात. तुमाले शक नाही आला पाहिजे म्हणून. ठरवलं होतं तसं."

"मग तू काहून नाही थांबलीस?" माझ्या तोंडून घरची भाषा निघाली.

ती हळूच म्हणाली, "थांबलं तर नाव वर नाही येत, मॅडम. माह्यं नाव कधीच कुठं वर नव्हतं आलं."

मी तिला बसायला सांगितलं. तास तिथेच संपवला. रागवायचं कोणावर ते मला ठरवता येत नव्हतं, आणि मला ठरवता येत नाही असं सहसा होत नाही.

व्हरांड्यातून जाताना ते मोठे केलेले फोटो लागले, हिरवे पट्टे, नव्वद टक्के. सरळ प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे या पोरांना काही येत नाही?"

"काय येतं ते आपल्याला माहीत नाही. दोन महिन्यांचे गुण रद्द करावे लागतील. पुन्हा चाचणी. आणि ते फोटो काढा."

"समिती येतेय, मॅडम."

"म्हणूनच काढा."

त्यांनी कपाळ चोळलं. मग फायलीतून माझ्या त्या चार ओळी काढल्या. "हे परत घ्या. नवीन लिहून द्या की गैरसमज झाला होता, शिफारस आहे. दोन ओळीत. बाकीचं कागदावर कशाला? तुमचंच नाव खराब होईल, आणि निवृत्तीला किती राहिलं तुमच्या."

बोलणं खोटं नव्हतं. "गैरसमज" हा शब्द किती सोयीचा आहे हे मला त्या क्षणी कळलं. तो लिहिला की कोणाचाच दोष नाही. पण प्राचार्यांनी माझा पहिला कागद वाचला होता, कार्यालयातल्या बाईंनी तो फायलीला लावला होता, आणि तुळसाबाई तर फायलीशिवायच सगळं जाणत होत्या. गैरसमज झाला म्हटलं की लोक म्हणतील, मॅडमनी दया केली अश्विनवर. त्या मुलीचाही उल्लेख त्यात होता. मी तिथेच बसून लिहिलं. बरोबर पर्याय मी स्वतः लांब केल्यामुळे उत्तर न वाचता ओळखता येत होतं. कोणताही प्रश्न फुटलेला नाही. अश्विन सरांनी मला पहिल्या आठवड्यातच सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. विद्यार्थिनीबद्दल मी लिहिलेलं निराधार आहे. पुढच्या सत्रासाठी त्यांची शिफारस करते. प्राचार्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ठेवून घेतलं आणि मी मागितली म्हणून एक प्रत करून दिली.

अश्विन परीक्षा विभागातून परत आला होता. विभागात बसून पुढच्या महिन्यातल्या धड्याची चित्रफीत ऐकत होता, एका कानात इअरफोन. मी समोर बसले. काय झालं ते सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो, मॅडम."

"मग परवा दार लावून बसलो तेव्हा का बोलला नाहीत? तुमची नोकरी जात होती."

त्याने इअरफोन काढून गुंडाळला. "पहिल्या वेळी सांगितलं होतं. चारही पर्याय सारखे ठेवू, अटी-बिटी तुम्ही बोलताना सांगा, असं म्हणत होतो. तुम्ही म्हणाल्या, भूगोल शिकवू नका. परवा तुम्ही तिला उत्तरं कशी येतात हे विचारलंच नाही. मी तिला किती दिवसांपासून ओळखतो, ते विचारलं. आता त्यावर मी पर्यायांचं बोललो असतो, तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

नसतं वाटलं. मी म्हटलं असतं, पहा, स्वतःची चोरी लपवायला माझ्यावर ढकलतोय. शब्दन् शब्द असाच म्हटला असता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे वाक्य मी कॉलेजात कधी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. प्रत त्याच्यापुढे सरकवली. "हे प्राचार्यांकडे दिलंय. शुक्रवारी बैठकीत हेच जाईल."

त्याने वाचलं. सावकाश, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता तो काही बोलेल, निदान हसेल. त्याने कागद टेबलावर सपाट केला, फोन काढला आणि त्याचा फोटो घेतला. मग माझी सही नीट आली नाही म्हणून जवळून आणखी एक. तारखेचाही.

"प्रत तुमच्याकडेच ठेवा ना," मी म्हटलं.

"ठेवतो, मॅडम. पण हेही असू दे."

त्याने फोन खिशात ठेवला आणि वहीकडे वळला. खाऱ्या वाऱ्यांचा मुद्दा कितव्या मिनिटाला संपतो, असं त्याने विचारलं, पूर्वीइतक्याच शांतपणे, पूर्वीइतकाच कमी बोलत. मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, आणि मग चित्रफीत मागे नेऊन स्वतः ऐकून खात्री केली.